आईची पेन्शन, बाबांच्या नावावर

आई गेली 12 फेब्रुवारी 2025ला, बुधवारी पहाटे. तेव्हा आमच्या सिंहगड रोडला जीबीएस या आजाराचा घोर लागलेला होता, घरोघरी पाणी उकळून चाललं होतं आणि आईनेच बाबांना दम दिला होता की बाहेरचं काही खायचं नाही. ती स्वतः गेली हार्ट अ‍ॅटॅकने. हॉस्पिटलला नेल्यावर जेमतेम दोन तास होती.

हे लिहायचं कारण म्हणजे त्या दिवसांत मी रात्री बसून बरंच शोधलं, आणि जे काही सापडलं ते सगळं नवरा गेल्यावर बायकोला पेन्शन कशी मिळते याबद्दल होतं. आमच्याकडे उलटं. आई जलसंपदा खात्यात होती, सिंचन भवनातून 2016 साली रिटायर झाली, सरकारी पेन्शन तिला. बाबा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर, त्यांना ईपीएसचे, म्हणजे खासगी नोकरीच्या पेन्शनचे, महिन्याला 2,340 रुपये येतात. घर आईच्या पेन्शनवर चालायचं, आणि नुसतं पेन्शनवर नाही, आईवरच चालायचं. बँक, लाइटबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, कोणाच्या लग्नात किती आहेर, सगळं तिच्याकडे. बाबांनी आयुष्यभर पगाराचं पाकीट न फोडता तिच्या हातात दिलं आणि रिटायर झाल्यावर दर सोमवारी तिच्याकडून 500 रुपये घेतले, फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यातून. 73 वर्षांच्या माणसाने एटीएम कधी वापरलेलं नव्हतं हे मला तेराव्यानंतर कळलं.

पहिले काही दिवस माणसं असतात. तेरावा झाला 24 फेब्रुवारीला, दादा-वहिनी 26ला बंगळूरला परत गेले, मी वारज्याला माझ्या घरी आले आणि त्या रात्री बाबा एकटे. मी म्हटलं होतं माझ्याकडे चला. "जावयाच्या घरी किती दिवस राहणार," म्हणाले. माझा नवरा कितीही चांगला असला तरी या वाक्यापुढे काही बोलता येत नाही.

आईचा फोन आम्ही बंद केला नाही. यात शहाणपणा काही नव्हता, हिंमत झाली नाही एवढंच. पण ते बरं झालं ते पुढे कळलं, कारण गॅस, लाइटबिल आणि बाबांचं स्वतःचं बँक खातं, सगळीकडे नंबर तिचा. म्हणून पहिलं सांगते: गेलेल्या माणसाचं सिम लगेच बंद करू नका, रिचार्ज मारत राहा, 90 दिवस वापर नसला तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो. आणि त्याच्यासोबत दुसरंही सांगते, त्या फोनवर ओटीपी येतो म्हणून गेलेल्या माणसाच्या खात्यातून पैसे काढू नका. दादा म्हणत होता एटीएमचा पिन मला माहितीये, थोडे काढून ठेवू. मी नाही म्हटलं ते भीतीपोटी, पण महिन्याभरात कळलं की त्या खात्यात आलेले सगळे पैसे आमचे नव्हतेच.

तर तो फोन बाबांच्या कॉटशेजारी चार्जिंगला असायचा. वाजला की बाबा उचलायचे. बहुतेक लोनवाले, नाहीतर साडीच्या दुकानातून सेलचं सांगायला. बाबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "थांबा हं, देतो." मी एकदा समोर होते. फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, तिथे थांबले, मग फोन कट न करताच ओट्यावर ठेवून दिला.

आता कागद. मृत्यूचा दाखला 27 फेब्रुवारीला मिळाला. हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला तर नोंदीसाठी माहिती हॉस्पिटलच पाठवतं, आपल्याला दाखल्याची प्रत तेवढी घ्यायची असते. मी दहा प्रती घेतल्या आणि शहाण्यासारखं वाटलं. 3 मार्चला घरी बसून नीट वाचला तेव्हा दिसलं की नाव लिहिलंय "सुनंदा दत्ता". आमचे बाबा दत्तात्रय. गावात दत्ता म्हणतात, अ‍ॅडमिशनच्या गडबडीत आमच्यातल्याच कोणीतरी काउंटरवर दत्ता सांगितलं असणार, किंवा समोरच्याने तेवढंच लिहिलं असेल. दहाच्या दहा प्रती बाद.

दुसऱ्या दिवशी म्हणजे 4 मार्चला मी तोच चुकलेला दाखला घेऊन कोषागारात गेले, एकटीच. राज्य सरकारची पेन्शन कोषागारातून येते, बँक फक्त पैसे जमा करते, त्यामुळे आधी बँकेत जाऊन उपयोग नाही. खिडकीवरच्या बाईंना म्हटलं कुटुंब निवृत्तिवेतनाची चौकशी करायचीय. त्या म्हणाल्या, "मिस्टर कधी गेले?" म्हटलं मिस्टर नाही, आई गेली, वडिलांना पेन्शन करायचीय. त्यांनी मान वर करून बघितलं आणि मग फार नीट समजावून सांगितलं. खरंच नीट. लोक सरकारी ऑफिसच्या नावाने बोटं मोडतात, मला तिथे तरी तो अनुभव नाही आला.

त्यांनी पहिल्यांदा एक साधा अर्ज लिहून घेतला की पेन्शनर अमुक तारखेला मयत, पेन्शन थांबवावी, सोबत दाखल्याची झेरॉक्स, आवक शिक्का मारून एक प्रत मला परत. हे काम इतर सगळं जमेपर्यंत थांबवू नका. कारण पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच असते, त्या दिवसासकट. आई गेली 12ला, म्हणजे तिच्या हक्काचे फेब्रुवारीचे 12 दिवस. पण महिन्याअखेरपर्यंत कोणी कळवलं नव्हतं, त्यामुळे तिच्या खात्यात पेन्शन आली पूर्ण महिन्याची. उरलेल्या 16 दिवसांची रक्कम कोषागार बँकेकडून परत घेतं. आपण ती काढून खर्च केली असेल तर पुढची फाइल तिथेच अडकते. आणि 13 तारखेपासून बाबांचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू, म्हणजे मधे एकही दिवस रिकामा जात नाही, फक्त पैसे उशिरा येतात.

त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली ज्याने माझा निम्मा जीव भांड्यात पडला. वारस दाखला लागत नाही. मला आमच्या ओळखीतल्या एका एजंटाने सांगितलं होतं की कोर्टातून वारस दाखला काढावा लागेल, सहा महिने जातील, खर्च बराच, मी करून देतो. पण पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शनच्या मूळ आदेशाच्या पुस्तिकेत, जोडीदाराचं नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आधीच लिहिलेलं असतं, दोघांचा एकत्र फोटोही असतो. जोडीदार हयात असेल आणि नाव तिथे असेल तर तेवढं पुरतं. एजंटाला मी नंतर फोन केला नाही, त्याचेच चार आले.

म्हणजे आता पीपीओ शोधणं आलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तिला माहिती." 9 मार्चला, रविवारी, मी आणि बाबांनी गोदरेजचं कपाट उपसलं. तीन तास. शेवटी एका साडीच्या खोक्यात, खाली पीपीओ, वर एलआयसीच्या संपलेल्या पॉलिसी, आणि सगळ्यात वर आमच्या दोघांच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा. फोटो बघितला. दोघं स्टुडिओत, आई कडक इस्त्रीच्या साडीत आणि बाबा असे बसलेत की जणू कोणीतरी पकडून आणलंय. बाबा बराच वेळ बघत होते आणि मग म्हणाले, "शर्ट तिनं बदलायला लावला होता." बाकी काही नाही. मी पण काही बोलले नाही, खोकं परत भरत बसले.

दाखल्याची दुरुस्ती. नोंद हॉस्पिटलच्या माहितीवरून झालेली, त्यामुळे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात म्हणाले आधी हॉस्पिटलचं पत्र आणा की नाव आमच्याकडून चुकलं, मग आम्ही दुरुस्त करतो. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात मी पाच वेळा गेले. एकदा सही करणारे डॉक्टर रजेवर, एकदा शिक्का नाही, एकदा म्हणाले आमच्याकडे अ‍ॅडमिशन फॉर्मवर जे लिहिलंय तेच आम्ही पाठवलं, चूक तुमची. ते खरंही असेल. पत्र मिळालं 20 मार्चला. त्यासोबत आईचं आधार, पीपीओची झेरॉक्स आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं, आणि दुरुस्त दाखला हातात आला 28 मार्चला. प्रतिज्ञापत्रासाठी बाहेरच्या टायपिंगवाल्याने 500चा स्टँपपेपर घ्यायला लावला. नंतर कळलं की सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. गेले 500. पण खरी टीप ही की हॉस्पिटलच्या काउंटरवर नाव सांगायची वेळ येते तेव्हा तोंडी सांगू नका, आधार कार्ड पुढे करा आणि लिहिलेलं वाचून बघा. त्या क्षणी ते सुचत नाही हे मलाही माहितीये. म्हणून शेजारचा कोणीतरी शांत माणूस त्या काउंटरला पाठवा, घरचा नको.

30 मार्चला पाडवा. गुढी उभारली नाही. बाबांनी सकाळी विचारलं, "कडुनिंब आणू का?" आणि स्वतःच म्हणाले, राहू दे.

बँकेचं काम मी सोपं समजत होते. बाबांचं ईपीएसचं खातं चालू होतंच, त्यातच पेन्शन घ्यायची, फक्त केवायसी ताजं करायचं आणि मोबाइल नंबर बदलायचा. मशीनवर बाबांनी अंगठा ठेवला, लाल दिवा. दुसरं बोट, लाल. ओल्या फडक्याने पुसून, परत लाल. दहाही बोटं झाली. काउंटरवरचा मुलगा वैतागला नव्हता, पण म्हणाला, "काका, ठसेच येत नाहीयेत." बाबांनी 38 वर्षं लेथवर काम केलंय, त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत आहेत, लहानपणी आमच्या गालांवरून हात फिरवला की खरखरीत नाही, कडक लागायचा. ते हात पुढे धरून त्या मशीनकडे बघत होते आणि मला म्हणाले, "चोऱ्या करायला पाहिजे होत्या." मुलगा हसला, मी हसले, आणि बाहेर येऊन रिक्षात मला रडू आलं.

ज्यांच्या घरी असं आहे त्यांच्यासाठी: अंगठा लागत नसेल तर कागदावरची केवायसी मागा, आधार आणि पॅनच्या झेरॉक्स, फोटो आणि समक्ष सही, बँक ती घेते. आम्ही नंतर आधार केंद्रात 100 रुपये भरून बायोमेट्रिक अपडेटही केलं, बोटांचं फार काही सुधारलं नाही, पण चेहऱ्याचा फोटो आणि डोळ्यांचं स्कॅन नवं झालं आणि ते पुढे उपयोगी आहे.

आता इथे मी एक चूक केली. फॉर्मवर मोबाइल नंबर माझा टाकला. विचारही केला नाही. मला वाटलं बाबांना ओटीपीचं कळणार नाही, कोणी फसवेल, माझ्याकडे असलेलं बरं. बाबांनी सही केली, वाचली नाही. त्यांना सवयच नव्हती वाचून सही करायची.

2 एप्रिलला बाबांना घेऊन कोषागारात गेलो, कारण ओळख पटवायला अर्जदार स्वतः यावा लागतो. बरोबर होतं ते असं: कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज, दुरुस्त दाखला, मूळ पीपीओ, बाबांचं आधार, पॅन, पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, फोटो, नमुना सह्या, आणि जास्तीची रक्कम आली तर वसूल करायला हरकत नाही असं हमीपत्र. अर्जातल्या एका ओळीत "विधवा" असं छापलेलं होतं. खिडकीवरच्या बाईंनी ते पेनने खोडलं आणि वर "विधुर" लिहिलं, आणि म्हणाल्या, "इथे सही करा काका." बाबा थांबले. हा शब्द आपण बोलत नाही ना कधी. बाईमाणसाला लोक उठता-बसता जाणवून देतात, पुरुषाला कोणी तोंडावर म्हणत नाही. बाबांनी तो शब्द दोनदा वाचला असावा, ओठ हलले. मग सही केली. मग बाईंनी पीपीओतला फोटो उघडून बाबांच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला आणि म्हणाल्या, "शर्ट छान होता." बाबा म्हणाले, "तिनं बदलायला लावला होता."

पैशाचं गणित सांगते कारण आम्ही त्यात गोंधळलो होतो. आईची मूळ पेन्शन 25,000. पेन्शन म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या 50 टक्के, आणि कुटुंब निवृत्तिवेतन साधारण दराने त्याच पगाराच्या 30 टक्के, म्हणून बाबांना मूळ 15,000. निवृत्त व्यक्ती लवकर गेली तर काही काळ वाढीव दराने मिळतं, पण आई 66 वर्षांची होती, ते वय उलटून गेलं होतं. गंमत म्हणजे आईच्या हातातही मूळ 15,000च येत होते, कारण तिने रिटायर होताना 40 टक्के पेन्शन विकली होती, म्हणजे तिचे पैसे एकरकमी आधीच घेतले होते, 10,000 त्यातच कापले जायचे. दादा म्हणाला, मग आता बाबांच्या 15,000 मधूनही ते 10,000 कापणार का? नाही कापत. विकलेल्या पेन्शनचा हप्ता पेन्शनर गेल्यावर संपतो. पण म्हणून दोघांचं उत्पन्न सारखं असंही नाही, कारण आईला महागाई भत्ता पूर्ण 25,000वर मिळायचा आणि बाबांना तो 15,000वर. फरक तिथे पडतो आणि बराच पडतो. घरखर्चाचा हिशोब करताना नुसता मूळ आकडा धरू नका.

मग वाट बघणं. एप्रिल, मे. बाबांच्या खात्यात 2,340 रुपये येत होते आणि आईचं खातं गोठवलेलं. त्यावर नॉमिनी बाबाच होते, क्लेम फॉर्म भरला, पण आधी ते 16 दिवसांचे पैसे कोषागाराला परत जायला हवे होते आणि मगच बँकेने पुढचं केलं. वसुली झाल्यावर आणि सगळे कागद पूर्ण झाल्यावर बँकेने दोन आठवड्यांत पैसे दिले. मधले तीन महिने मी आणि दादाने खर्च वाटून घेतला. हे आधीच ठरवून ठेवा, सहा महिन्यांचं घरखर्चाचं धरून चाला, आणि ते पैसे म्हाताऱ्या माणसाच्या हातात कसे द्यायचे तेही ठरवा. मी पाकिटात घालून फ्रिजवरच्या डब्यात ठेवून यायचे. बाबांनी ते मोजून वहीत लिहून ठेवले होते, "मुलीकडून उसने", तारखांसकट. मला जूनमध्ये दिसलं.

याच काळात बाबांची अवस्था सगळ्यात वाईट होती. भांडणं, रडणं असलं काही नाही. मी संध्याकाळी सातला गेले की घरात अंधार असायचा, लाइट लावलेला नसायचा, टीव्ही मात्र चालू. दूध अजून एक लिटर येत होतं, अर्धं नासत होतं, पण दूधवाल्याला सांगायचं कसं हे त्यांना जमत नव्हतं, कारण सांगितलं की तो विचारणार का कमी केलं. वजन सहा किलो उतरलं. आणि फोन यायचे बंद झाले. आत्या, मावशी, गावचे चुलते, सगळे आईला फोन करायचे आणि शेवटी "भाऊजी कसे आहेत" विचारायचे. आई गेल्यावर तो मधला धागाच गेला, बाबांना थेट फोन करून काय बोलायचं हे कोणालाच माहिती नव्हतं. त्यांनाही नव्हतं. मी एक केलं, मावशीला स्पष्ट सांगितलं की तुम्ही दर गुरुवारी बाबांना फोन करा आणि बरे आहात का विचारू नका, काहीतरी काम सांगा. मावशीने लोखंडी कढईचा हँडल सैल झालाय, रिव्हेट कसा मारायचा, असं विचारलं. वीस मिनिटं बोलत होते.

5 जूनला, गुरुवारी, दुपारी ऑफिसात माझ्या फोनला मेसेज आला. फेब्रुवारीचे 16 दिवस अधिक मार्च, एप्रिल, मे, असे मूळ 53,571 आणि वर महागाई भत्ता. मी आनंदाने बाबांना फोन केला. ते म्हणाले, "तुला कसं कळलं?" म्हटलं मेसेज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "माझ्या पैशाचा मेसेज तुझ्या फोनवर?"

संध्याकाळी गेले तेव्हा वही घेऊन बसले होते. म्हणाले, "हे बघ ताई, तुझे एवढे, दादाचे एवढे, उद्या देऊन टाकू." म्हटलं बाबा, मला नकोत. तर म्हणाले, "आधी तिच्याकडे होतं सगळं. आता तू घेतलंस. मी काय, एका डब्यातून दुसऱ्या डब्यात?" आवाज चढला नव्हता. मला राग आला होता खरं तर, चार महिने ऑफिसातून हाफ डे टाकून मी फिरत होते आणि हे ऐकायचं. रात्री झोप लागली नाही. आई सगळं करायची त्यात त्यांना कमीपणा नव्हता, तो दोघांमधला करार होता. माझ्याशी त्यांनी तसला काही करार केलेला नव्हता.

पुढच्या सोमवारी बँकेत जाऊन नंबर बदलला. बाबांच्या साध्या फोनचा. एटीएम कार्डाचा अर्ज त्यांनी स्वतः भरला, कॅपिटल अक्षरांत, चौकोनाच्या बाहेर एकही रेघ न जाता. ड्रॉइंग वाचून काम केलेला माणूस. पिन कोणाला सांगायचा नाही म्हटलं तर मलाही नाही सांगितला. नेट बँकिंग घेतलं नाही, खात्यावर एका दिवसाची काढायची मर्यादा कमी करून घेतली, मला एवढं पुरे.

जुलैत दादा येऊन त्यांना बंगळूरला घेऊन गेला, कायमचंच न्यायचं त्याच्या मनात होतं, फ्लॅट भाड्याने द्यायचा वगैरे. आमचं त्यावरून बरंच वाजलं. बाबा तीन आठवड्यांत परत आले. तिथे काही कमी नव्हतं, पण म्हणाले, "1 तारखेला पासबुक भरायचं असतं."

हे पासबुक म्हणजे एक प्रकरणच झालंय. पेन्शन पहिल्या चार-पाच दिवसांत कधीतरी येते. मेसेजही येतो. तरी बाबा 1 तारखेला साडेदहाला बँकेच्या पासबुक प्रिंटिंग मशीनसमोर उभे. नसेल आली तर 2ला परत. तिथे अशी आठ-दहा मंडळी आहेत, कोणी एसटीतले, कोणी शिक्षक, त्यांच्यात बाबांसारखा बायकोच्या पेन्शनवाला कोणी नाही म्हणून सुरुवातीला त्यांना संकोच होता. मग मशीनचा पट्टा अडकायला लागला आणि बाबांनी पासबुक कोणत्या कोनात सरकवलं की बारकोड नीट वाचला जातो ते शोधून काढलं. आता लोक त्यांच्या हातात पासबुक देतात. नंतर समोरच्या टपरीवर चहा. महिन्याचे पाच दिवस जातात त्यात. मी आधी दोन ज्येष्ठ नागरिक संघांचे पत्ते आणून दिले होते, हास्यक्लबचंही सांगितलं होतं, एकाही ठिकाणी गेले नाहीत.

नोव्हेंबरला हयातीचा दाखला. कुटुंब निवृत्तिवेतनवाल्यांनाही द्यावा लागतो, 30 तारखेच्या आत, नाही दिला तर पुढची पेन्शन थांबते. जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सोयीवर मोबाइलने चेहरा दाखवूनही होतो, बोटांचा प्रश्नच येत नाही, मी म्हटलं घरी दोन मिनिटांत करू. बाबा म्हणाले, बँकेत यादी येते तिथे सही करतो. 10 नोव्हेंबरला, सोमवारी गेले. मला सांगितलंही नव्हतं, येऊ नको असंही नाही, संध्याकाळी फोन करून सांगितलं. यादीत नाव सापडलं, सही केली. त्यात पुनर्विवाह केला नसल्याचंही लिहून द्यायचं असतं. काउंटरवरचा तोच मुलगा संकोचून म्हणाला, काका, हे विचारावं लागतं. बाबा म्हणाले, "लिही, अजून विचार केला नाही."

राहिलेली कामं: लाइटबिलाचं नाव, गॅसचं कनेक्शन, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरून आईचं नाव. करू सावकाश. आईचं सिम आता कुठेच जोडलेलं नाही, बंद करायला हरकत नव्हती. विचारलं तर म्हणाले, राहू दे, मी रिचार्ज करतो. करतात. परवा मी भाजी निवडत बसले होते तेव्हा तो फोन वाजला, साडीवाल्यांचाच होता, वर्षाअखेरचा सेल. बाबांनी उचलला, ऐकून घेतलं.

"त्या नाहीत," म्हणाले. "मी बोलतोय, सांगा."